शेपटीखालचे पांढरे ‘तांदूळ’ पुन्हा का दिसतात? मांजराच्या पिसवा, जंत आणि गोचीड यांविषयी

प्रश्न : आम्ही सोलापुरात साखर पेठेत जुन्या घरात राहतो. आमच्या मनीचे वजन ३.४ किलो आहे आणि तिला पाच आठवड्यांची तीन पिल्ले आहेत, प्रत्येकी साडेचारशे ग्रॅमच्या आसपास. जूनपासून दोनदा जंतांची गोळी दिली, तरी तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे तुकडे पुन्हा दिसू लागले आहेत. चौघांच्याही अंगावर पिसवा आहेत. अंगणात झोपणाऱ्या कुत्र्याला गोचीड झाले आहेत. दुकानदार म्हणतो, कुत्र्याच्या मानेवर टाकायचे थेंब अर्धे मनीला आणि उरलेले थोडे थोडे पिल्लांना टाका. टाकू का? घरात चार वर्षांची नात आहे.

उत्तर :

कुत्र्याचे ते थेंब मनीला किंवा पिल्लांना अजिबात टाकू नका. अर्धे नाहीत, पाव नाहीत आणि ‘एकदाच टाकून बघू’ म्हणूनही नाहीत. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या अशा अनेक औषधांत परमेथ्रिन नावाचे कीटकनाशक असते. कुत्र्याचे यकृत ते निकामी करून शरीराबाहेर टाकू शकते, पण मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणा फार दुबळी असते आणि औषध चेतासंस्थेवर चढत जाते. ४५ टक्के परमेथ्रिन असलेल्या १ मिलीच्या नळीत ४५० मिलिग्रॅम औषध असते, आणि साडेचार किलोच्या मोठ्या मांजरावर ती एक नळी रिकामी केली तर किलोमागे १०० मिलिग्रॅम म्हणजे जिवावर बेतणारी मात्रा होते. आपल्या ४५० ग्रॅमच्या पिल्लाला तीच मात्रा गाठायला ०.१ मिली, म्हणजे जेमतेम दोन थेंब पुरतात. त्यामुळे ‘अर्धे टाका’ या सल्ल्याने धोका निम्मा होत नाही.

खोक्यावरचे घटक वाचण्याची सवय ठेवा. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ यांपैकी कोणतेही नाव दिसले, तर ते औषध मांजरासाठी नाही असे समजावे. जनावरांच्या गोचिडांसाठी पाण्यात मिसळून फवारायची जी द्रावणे कृषी सेवा केंद्रांत मिळतात, त्यांतही बहुधा हेच घटक असतात. गावाकडून कोणी ती बाटली आणून दिली तरी ती गोठ्यातच राहू द्यावी. काही वेळा एकाच कंपनीची कुत्र्याची आणि मांजराची नळी दिसायला जवळजवळ सारखी असते, दोन्हींत एक घटक समान असतो, आणि कुत्र्याच्या नळीत तेवढे परमेथ्रिन जास्तीचे असते. म्हणून ओळखीच्या नावावर न जाता खोक्यावर मांजराचे चित्र, वजनाचा गट आणि घटक या तिन्ही गोष्टी तपासाव्यात.

हे वाचण्याआधीच थेंब टाकून झाले असतील तर वाट पाहू नका. कान आणि चेहऱ्याची कातडी फुरफुरणे, पंजे झटकणे, अंगाला थरथर सुटणे, चाल लडखडणे आणि पुढे झटके येणे अशी लक्षणे काही तासांत सुरू होतात, क्वचित दोन-तीन दिवसही लागतात. लक्षणे दिसोत वा न दिसोत, कोमट पाणी आणि भांडी घासायचा द्रव साबण घेऊन औषध टाकलेली जागा दोन-तीनदा धुवावी, मांजराला कोरडे करून उबदार कापडात गुंडाळावे आणि औषधाच्या खोक्यासह लगेच पशुवैद्यकाकडे न्यावे. पाणी कडक नको, कारण त्वचेचा रक्तपुरवठा वाढला की औषध अधिक शोषले जाते. आणि थंडही नको, कारण अंग गार पडले की थरथर वाढते. उलटी करवण्याचा प्रयत्न करू नये.

आता त्या पांढऱ्या तुकड्यांकडे वळतो, कारण आपल्या घरातल्या सगळ्या तक्रारींचा धागा तिथेच सापडतो. ताजे असताना वळवळणारे आणि वाळल्यावर तांदळाच्या किंवा काकडीच्या बीसारखे दिसणारे हे तुकडे म्हणजे डायपायलिडियम नावाच्या चपट्या जंताचे सुटलेले भाग, आणि प्रत्येक तुकड्यात अंड्यांच्या पुड्या असतात. हा जंत एका मांजराकडून दुसऱ्याकडे थेट जात नाही. तुकडा जमिनीवर फुटतो, त्यातली अंडी पिसूची अळी खाते, अळीची पिसू होते तेव्हा जंत तिच्या पोटात वाढत असतो, आणि मनी अंग चाटताना ती पिसू गिळते. तिथून साधारण तीन आठवड्यांत नवे तुकडे दिसू लागतात. म्हणजे गोळी दिल्यावर आठवडे दोन आठवडे सर्व ठीक दिसणे आणि मग पुन्हा तुकडे येणे, हे आपल्या घरातल्या पिसवांचे वेळापत्रक आहे.

आपण दिलेली गोळी कोणती होती, हेही पाहावे लागेल. चपट्या जंतांवर प्राझिक्वांटेल हा घटक लागतो आणि त्याची मात्रा मांजराला किलोमागे सुमारे ५ मिलिग्रॅम, म्हणजे मनीसाठी १७ मिलिग्रॅम येते. मांजरांसाठी बनवलेल्या प्रचलित गोळीत २० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल आणि गोल जंतांवर चालणारे २३० मिलिग्रॅम पायरँटेल असते व ती ४ किलोपर्यंतच्या मांजराला धरून केलेली असते, त्यामुळे मनीला एक गोळी योग्य ठरते. मात्र अनेक घरांत कुत्र्याच्या गोळीचा पाव तुकडा दिला जातो. कुत्र्याच्या नेहमीच्या गोळीत १० किलो वजनासाठी ५० मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल आणि १४४ मिलिग्रॅम पायरँटेल असते. तिच्या पाव तुकड्यातून मनीला साडेबारा मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल मिळेल, जे कमी आहे, आणि पायरँटेल फक्त ३६ मिलिग्रॅम, जे मांजराच्या गोळीच्या मानाने फारच तोकडे आहे. जी गोळी केवळ पायरँटेलची असते, ती चपट्या जंताला हातच लावत नाही. माणसांची अल्बेंडाझोलची गोळी किंवा मुलांचे गोड औषध मात्र अजिबात देऊ नये, कारण मांजरांत त्याने अस्थिमज्जेला इजा होऊन रक्तपेशी कमी होऊ शकतात.

गोळी योग्य असेल तर ती काम करते, पण तिचा परिणाम शरीरात टिकून राहत नाही. आज दिलेले प्राझिक्वांटेल आज असलेले जंत मारते आणि परवा गिळलेल्या पिसूबद्दल त्याला काहीच करता येत नाही. मेलेला जंत आतड्यातच विरघळतो, त्यामुळे तो विष्ठेत दिसत नाही. अनेक जण त्यावरून ‘गोळी लागू पडली नाही’ असा निष्कर्ष काढतात आणि आठवड्याभरात दुसरी देतात. तशी घाई करण्यापेक्षा पिसवा आवरणे महत्त्वाचे आहे.

पिसवा आवरायच्या तर त्या राहतात कुठे हे आधी समजून घ्यावे. मांजराच्या अंगावर आपल्याला दिसतात त्या प्रौढ पिसवा, आणि घरातल्या एकूण पिसूसंख्येत त्यांचा वाटा साधारण ५ टक्केच असतो. उरलेल्या सगळ्या अंडी, अळी आणि कोष या रूपांत जमिनीवर, फटींत आणि कापडांत असतात. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नासपर्यंत अंडी घालते. ती गुळगुळीत असल्याने अंगावरून घरंगळतात आणि जिथे मांजर झोपते, उडी मारते, अंग झटकते तिथे साठतात. त्यांतून निघणारी अळी उजेड टाळते, म्हणून ती सतरंजीच्या विणीत, गादीच्या शिवणीत आणि शहाबादी फरशीच्या सांध्यांत शिरते आणि तिथे प्रौढ पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेले रक्त, खाऊन वाढते. नंतर ती स्वतःभोवती चिकट कोष विणते, त्यावर धूळ बसते, आणि या कोषात कोणतेही कीटकनाशक नीट पोचत नाही. कोषातली पिसू महिनेन्‌महिने थांबू शकते आणि पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासातला वायू जाणवला की बाहेर उडी मारते. दिवाळीच्या सुट्टीत बंद ठेवलेले घर उघडताच पायाला पिसवा चावू लागतात, त्यामागे हेच कारण असते.

सोलापूरच्या हवेचा इथे थोडा विचार करावा. पिसूच्या अळीला हवेत किमान निम्मी आर्द्रता लागते आणि ३५ अंशांच्या वर ती फार काळ तग धरत नाही, त्यामुळे एप्रिल-मेच्या चाळीशीपलीकडच्या कोरड्या उन्हात अंगणातली पैदास जवळजवळ थांबते. लोकांना वाटते पिसवा गेल्या. प्रत्यक्षात मोरीशेजारची ओल, पाण्याच्या पिंपामागचा कोपरा आणि पलंगाखालचा अंधार इथे त्या टिकून राहतात, आणि जूनमध्ये पाऊस पडून हवा दमट झाली की दोन-तीन आठवड्यांत एक पिढी या वेगाने वाढतात. आपल्याकडे तक्रार जूनपासून सुरू झाली ती यामुळेच. प्रतिबंधक औषध पावसाळा लागल्यावर सुरू करण्यापेक्षा मेच्या मध्यापासूनच चालू असावे, आणि सोलापूरची थंडी पिसवा मारण्याइतकी कडक नसल्याने ते हिवाळ्यातही थांबवू नये. माझ्या मते वर्षभर देणे हेच शेवटी स्वस्त पडते.

मनीसाठी मी मांजरांच्या सेलामेक्टिनची शिफारस करेन. पाजणाऱ्या मांजरीला ते सुरक्षित आहे, आणि तिच्या अंगावरच्या औषधामुळे दूध पिणाऱ्या पिल्लांवरच्या पिसवाही कमी होतात. २.६ ते ७.५ किलो वजनाच्या मांजरासाठी ४५ मिलिग्रॅमची नळी येते. ती जवळच्या दुकानात तयार नसेल तर पशुवैद्यकांमार्फत मागवावी. औषध टाकताना मानेच्या मागे, डोक्याच्या अगदी बुडाशी, केस दोन्ही बाजूंना सारून कातडी उघडी करावी आणि संपूर्ण नळी एकाच जागी रिकामी करावी. केसांवर सांडलेले औषध वाया जाते आणि पाठीवर टाकलेले ती चाटून घेते. औषध वाळेपर्यंत दोन-तीन तास तिला पिल्लांपासून वेगळे ठेवावे, कारण ती आईची मान चाटतात. थोडे चाटले गेलेच तर कडू चवीने तोंडाला फेस येतो आणि काही मिनिटांत थांबतो. ही विषबाधा नव्हे, थरथर किंवा लडखडणे सुरू झाले तरच घाबरायचे कारण आहे. पुढची नळी बरोबर एक महिन्याने द्यावी.

सेलामेक्टिन पिसवा, कानातील खरजेचे किडे, गोल जंत आणि अंकुशकृमी यांवर चालते, मात्र चपट्या जंतांवर चालत नाही आणि मांजराच्या गोचिडांसाठी त्याच्यावर विसंबू नये. फिप्रोनिलची मांजरांसाठीची अर्ध्या मिलीची नळी पिसवा व गोचीड दोन्हींवर चालते, परंतु पोटातल्या जंतांवर तिचा काही उपयोग नाही. मनीवर गोचीड सापडत असतील तर पिल्ले दुधावरून तुटल्यानंतर फिप्रोनिलकडे वळता येईल, पण दोन नळ्या एकाच आठवड्यात एकमेकींवर टाकू नयेत.

पाच आठवड्यांच्या पिल्लांना सध्या कोणतेही थेंब नकोत. त्यांच्यासाठी बारीक दातांची फणी सर्वांत चांगली. उवा काढायची फणीही चालते. शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी ठेवावी, मान, शेपटीचे मूळ आणि पोट यांवरून दिवसातून दोनदा फणी फिरवावी आणि सापडलेल्या पिसवा वाटीत बुडवाव्यात. नखाने चिरडत बसू नये. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवून पाहावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसूची विष्ठा आहे, नाही पसरला तर साधी माती. फारच पिसवा असतील तर एकदा कोमट पाण्याने व सौम्य साबणाने गळ्यापासून खाली अंघोळ घालून लगेच टॉवेलने कोरडे करावे, पण एवढी लहान पिल्ले झटकन गारठतात, म्हणून ही अंघोळ रोज घालू नये. साधारण आठ आठवड्यांची झाली की वजन करून २.५ किलोखालच्या मांजरांसाठीची १५ मिलिग्रॅमची सेलामेक्टिन नळी प्रत्येकाला वेगळी द्यावी.

पिल्लांच्या हिरड्या रोज पाहाव्यात, आणि माझी सर्वांत कळकळीची विनंती हीच आहे. निरोगी हिरडी गुलाबी असते. ती फिकट, पांढुरकी दिसली, पिल्लू दूध प्यायचे सोडून एका बाजूला पडून राहू लागले किंवा अंग गार लागले, तर पिसवा व अंकुशकृमी यांनी मिळून रक्त ओढलेले असण्याची दाट शक्यता असते. साडेचारशे ग्रॅमच्या पिल्लाच्या अंगात एकूण रक्तच तीस मिलीच्या आसपास असते. असे पिल्लू त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे.

पिल्लांना गोल जंत असतील का, हे तपासत बसण्याची गरज नाही; आहेत असे धरूनच चालायचे. मांजरांतल्या टॉक्सोकारा या गोल जंताच्या अळ्या आईच्या शरीरात दडून असतात आणि दुधातून पिल्लांत जातात, म्हणून आईच्या विष्ठेत काही दिसले नाही तरी पिल्लांचे पोट फुगलेले असू शकते. जंताचे औषध तिसऱ्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी, दूध सुटल्यानंतर दोन आठवडे होईपर्यंत, आणि पुढे सहा महिन्यांच्या वयापर्यंत दर महिन्याला द्यायचे असते. आपली पिल्ले पाच आठवड्यांची झाली आहेत आणि आतापर्यंत काही दिले नसेल, तर आज सुरुवात करावी. फेनबेंडाझोल या वयात सुरक्षित आहे. त्याची मात्रा किलोमागे ५० मिलिग्रॅम, सलग तीन दिवस अशी असते. ४५० ग्रॅमच्या पिल्लाला दिवसाला साडेबावीस मिलिग्रॅम येते. बाजारातल्या द्रावणांची तीव्रता वेगवेगळी असते, त्यामुळे ते किती मिली होते हे आपल्या हातातल्या बाटलीवरून पशुवैद्यकांकडून लिहून घ्यावे आणि सुई नसलेल्या १ मिलीच्या सिरिंजने गालाच्या कोपऱ्यातून हळूहळू द्यावे. पिल्लांचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर डब्यात बसवून करता येते, आणि ते प्रत्येक मात्रेच्या दिवशी नव्याने करावे, कारण या वयात दोन आठवड्यांत वजन बरेच वाढते. मनीचे वजन करायचे तर तिला घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे.

आता आपल्या घरापुरता क्रम असा लावता येईल. येत्या ज्या दिवशी नळाला पाणी येईल तो दिवस ठरवावा, कारण धुणे भरपूर आहे आणि चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यात ते टप्प्याटप्प्याने केले तर पिसवा एका खोलीतून दुसरीत जातात. त्या दिवशी मनीला सेलामेक्टिन द्यावे, पिल्लांच्या फेनबेंडाझोलचा पहिला दिवस सुरू करावा आणि कुत्र्यालाही त्याच दिवशी औषध मिळेल असे पाहावे. मनीची प्राझिक्वांटेल व पायरँटेलची गोळी दुसऱ्या दिवशी द्यावी. एकाच दिवशी सगळे दिले तरी बिघडत नाही, पण एखादीला उलटी झाली तर कशाने झाली हे कळणे कठीण जाते. पिल्लांचे पुढचे औषध सातव्या, नवव्या आणि अकराव्या आठवड्यात येईल. मनी पाजत आहे तोपर्यंत पिल्लांच्या तारखांनाच तिलाही गोल जंतांचे औषध द्यावे, एरवी पिल्ले स्वच्छ होतात आणि आई तशीच राहते. पहिल्या नळीनंतर चार आठवड्यांनी दुसरी नळी आणि त्याच सुमारास प्राझिक्वांटेलची दुसरी मात्रा द्यावी, कारण मधल्या काळात तिने गिळलेल्या पिसवांतून वाढलेले जंत तेव्हा पुरते मारता येतात. या मात्रेनंतर महिनाभरात तुकडे दिसले नाहीत, तर साखळी तुटली असे समजायला हरकत नाही.

अंगणातल्या कुत्र्याला वगळून हे सगळे केले तर दोन महिन्यांत आपण पुन्हा जिथल्या तिथे असाल. मांजरावर आणि कुत्र्यावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा एकाच जातीची असते. कुत्र्याला मानेवर टाकायच्या थेंबांऐवजी फ्लुरालॅनरसारख्या गटातली खाण्याची गोळी वजनानुसार द्यावी. ती पिसवा आणि गोचीड दोन्ही मारते, साधारण बारा आठवडे टिकते आणि मनी त्याच्या अंगाला अंग घासून बसली तरी तिला काही होत नाही. कुणी त्याला परमेथ्रिनचे थेंब टाकलेच, तर किमान तीन दिवस मनी व पिल्ले त्याच्यापासून लांब राहतील अशी सोय करावी. कुत्रा कोणाच्या मालकीचा नसेल तर वाड्यातल्या दोन-तीन घरांनी मिळून हा खर्च उचलावा, कारण फायदा सगळ्यांचाच आहे.

घराच्या बाबतीत, मांजरे ज्यावर झोपतात ती पांघरुणे, चादरी आणि गोणपाटे कडक पाण्यात धुवून भर उन्हात वाळवावीत. सोलापुरी चादर जाड विणीची असल्याने ती नुसती झटकून भागत नाही. मांजरांना झोपायला एकच ठरलेले, सहज धुता येईल असे कापड द्यावे आणि ते दर आठवड्याला धुवावे. पिसूची बहुतेक अंडी तिथेच पडतात, त्यामुळे एवढ्या एका सवयीने निम्मे काम होते. फरशीचे सांधे, पलंगाखालची जागा आणि भिंतीची कड रोज झाडून केर साबणाच्या पाण्यात टाकावा. सांधे फार उघडे असतील तर सिमेंटने भरून घ्यावेत, त्यात गोचिडांचीही सोय मोडते. फवारणी करायचीच असेल तर अळीची वाढ रोखणारे पायरीप्रॉक्सिफेन असलेले औषध मागावे, आणि मांजरे व नात या सर्वांना फरशी पूर्ण वाळून खोली हवेशीर होईपर्यंत दुसरीकडे ठेवावे. कोषातल्या पिसवा यातूनही सुटतात आणि पुढचे काही आठवडे बाहेर येत राहतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा दोन-चार पिसवा दिसल्या म्हणून औषध बदलू नये. फणीत सापडणारी संख्या आठवड्यागणिक उतरते आहे का, हे पाहावे. रात्री जमिनीवर साबणाच्या पाण्याची ताटली ठेवून तिच्यावर छोटा दिवा लावला की उजेड आणि उबेकडे पिसवा उडी मारून बुडतात. त्याने पिसवा संपत नाहीत, पण किती उरल्या याचा अंदाज येतो. तीन महिने नियमित औषध देऊनही संख्या उतरत नसेल, तर बहुतेक वेळा एखादा प्राणी औषधाविना राहिलेला असतो किंवा माळ्यावर, जिन्याखाली अशी एखादी जागा झाडायची राहिलेली असते.

घरगुती उपायांबद्दल विचारले जाण्याआधीच लिहितो. फिनाईल, डांबरगोळ्या, कापूर, तंबाखूचे पाणी, रॉकेल आणि लसूण यांपैकी काहीही मांजराच्या अंगावर, अंथरुणात किंवा पोटात जाऊ देऊ नये. मांजर अंगावरचे सर्व काही चाटते, त्यामुळे बाहेरून लावलेले औषध तिच्या बाबतीत पोटात दिलेल्यासारखेच असते. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून नंतर पंजे चाटणेही तिला बाधते. फरशी पुसायला साबणाचे पाणी पुरेसे आहे. कडुनिंबाचा पाला अंथरुणाखाली घालण्याने अपाय नाही, उपयोगही फारसा नाही. तेल मात्र लावू नये.

गोचिडाचे प्रकरण मांजरांत तुलनेने छोटे असते, कारण ती स्वतःला चाटून बरेचसे काढून टाकतात. आपल्याकडे घरांभोवती आढळणारा तपकिरी गोचीड मुख्यतः कुत्र्याचा आहे आणि रक्त पिऊन झाल्यावर तो भिंतीच्या भेगांत जाऊन अंडी घालतो, त्यामुळे कुत्र्याच्या औषधाने हा प्रश्न बराचसा सुटेल. मनीचे कान, हनुवटीखालची जागा आणि बोटांमधल्या बेचक्या आठवड्यातून एकदा पाहाव्यात. गोचीड सापडला तर बारीक चिमट्याने त्याला कातडीच्या अगदी लगत धरावे, एकसारख्या ताकदीने सरळ वर ओढावे आणि स्पिरिटमध्ये टाकावे. त्यावर तेल ओतणे किंवा पेटती काडी लावणे टाळावे, आणि बोटांनी चिरडू नये.

नातीसाठी दोन गोष्टी सांभाळाव्यात. डायपायलिडियम माणसाला होतो तो जंत असलेली पिसू पोटात गेल्यानेच, आणि तोही क्वचित, मुख्यतः लहान मुलांना. टॉक्सोकाराची काळजी थोडी अधिक करावी लागते: मांजराच्या विष्ठेतली अंडी ताजी असताना बाधत नाहीत, त्यांना पक्व व्हायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि मग ती मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून मांजरांची विष्ठा रोजच्या रोज उचलली की ती अंडी धोकादायक होण्याआधीच निघून जातात. बांधकामासाठी दारात टाकलेला वाळूचा ढीग हे मांजराला आवडते शौचालय आणि मुलांना आवडते खेळण्याचे ठिकाण असते. तो ताडपत्रीने झाकून ठेवावा. नातीने मांजरांशी खेळावे, फक्त जेवणाआधी हात साबणाने धुवावेत.

पिल्ले मोठी होऊन घर शांत झाल्यावर मनीला महिन्यातून एकदा पिसवांचे औषध आणि वर्षातून किमान चारदा, साधारण तीन-तीन महिन्यांनी, प्राझिक्वांटेल व पायरँटेलची गोळी असा क्रम पुरेल. ती उंदीर मारून खात असेल तर गोष्ट बदलते, कारण उंदरांतून तिला टीनिया हा दुसरा चपटा जंत आणि गोल जंतही मिळतात, आणि त्यांचा पिसवांशी काही संबंध नसतो. अशा शिकारी मांजरीला, त्यात घरात लहान मूल असताना, गोळी दर महिन्याला द्यावी की नाही हे आपल्या पशुवैद्यकांशी बोलून ठरवावे. आणि मनीची शस्त्रक्रिया पिल्ले दुधावरून तुटताच करून घ्यावी, कारण दूध पाजताना मांजर पुन्हा गाभण राहू शकते, आणि पावसाळ्यात आणखी एक वीण झाली तर वरचे सगळे वेळापत्रक नव्याने सुरू करावे लागेल.